शेवटचे दोन आकडे

"ताई, फाईल काढता का? सुनीता जाधव."

तालुक्याच्या गावातला स्त्रियांचा आणि लहान मुलांचा दवाखाना. संध्याकाळी साडेसहाची वेळ, बाकं भरलेली, दाराबाहेर चपलांचा ढीग. काउंटरवरची मुलगी उठून 'ज'च्या रॅककडे गेली आणि तिथूनच तिने विचारलं, "मिस्टरांचं नाव?" "संतोष." रॅकमध्ये सुनीता संतोष जाधव नावाच्या दोन फायली निघाल्या. एकीवर वय बावीस, दुसरीवर एकेचाळीस. समोरची बाई सव्वीस-सत्तावीसची असावी. बावीसवाली फाईल उघडली तर पत्ता वेगळा आणि रक्तगटही वेगळा. तोवर काउंटरपाशी आणखी सहा जण येऊन उभे राहिले होते. शेवटी भिंतीलगत बसलेली बाईंची आई म्हणाली, "अगं, पहिल्या खेपेला माहेरीच होती ना ही. तेव्हा मोरे लावलं असेल." फाईल खरंच 'म'मध्ये होती.

दवाखान्यांची कागदी रेकॉर्डं लावून देणं हा माझा व्यवसाय. त्या संध्याकाळी मी त्याच दवाखान्यात कोपऱ्यातल्या स्टुलावर घड्याळ घेऊन बसले होते. कोणाची चूक होती, असं नाही. मुलगी चपळ होती, फायली वर्णक्रमाने नीट लावलेल्या होत्या, बाईंनी आपलं खरं नाव सांगितलं होतं. फाईल ज्या खुणेवर लावली होती ती खूणच मधल्या काळात बदलली होती. फाईल लवकर सापडण्याचा विचार करताना मला नेहमी इथूनच सुरुवात करावीशी वाटते.

फायली लावायच्या दोन मुख्य रीती आहेत. एक नावाने, म्हणजे आडनावाच्या वर्णक्रमाने. दुसरी नंबराने. नंबराच्या रीतीतला एक प्रकार मोठ्या रुग्णालयांच्या रेकॉर्ड रूममध्ये रुळलेला आहे, पण लहान दवाखान्यांत तो फारसा पोचलेला नाही. त्याला टर्मिनल डिजिट फायलिंग म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचं तर नंबराच्या शेवटच्या दोन आकड्यांवरून फाईल लावायची.

आधी नावाच्या रीतीला तिचं माप द्यायला हवं, कारण बहुतेक दवाखाने तिनेच सुरू होतात आणि ते बरोबरच आहे. पेशंट नाव सांगतो, तुम्ही थेट रॅककडे जाता. मध्ये रजिस्टर नाही, कार्ड नाही, काही लक्षात ठेवावं लागत नाही. दवाखाना नवा आहे, फायली हजार-बाराशे आहेत, काउंटरवर एकच जण आहे आणि ती गावातल्या निम्म्या लोकांना ओळखते, तर याहून लवकर फाईल हातात देणारी दुसरी रीत मला माहीत नाही.

फायली वाढल्या की मात्र एक गोष्ट होते. आडनावं सारखी पसरत नाहीत. आपल्याकडे पाटील, जाधव, शिंदे, पवार, मोरे, गायकवाड यांचे थवे असतात आणि 'ठ', 'ढ', 'झ' यांचे कप्पे ओस पडलेले असतात. समजा दवाखान्यात नऊ हजार फायली आहेत आणि त्यांत सहाशे पाटील आहेत. एक पातळ फाईल सरासरी ४ मिलिमीटर धरली, तर नुसते पाटील २.४ मीटर जागा घेतात, म्हणजे जवळजवळ आठ फूट. त्या आठ फुटांत 'पाटील' हा शब्द काहीच सांगत नाही. तिथे पहिल्या नावावरून शोधायचं, मग वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावावरून, मग वयावरून. हात रॅकपर्यंत पटकन पोचतो आणि तिथे गेल्यावर वाचन सुरू होतं. वेळ जातो तो या वाचनात.

त्यात लिहिण्याची भानगड असते. फायलींवर नावं इंग्रजीत लिहायची पद्धत असेल तर वाघ 'व्ही'ने सुरू होतात की 'डब्ल्यू'ने? विदर्भातले अनेक जाधव शेवटी 'ओ' लावतात, पुण्याकडचे 'व्ही'. शेख तीन-चार तऱ्हांनी लिहिलं जातं. नावं मराठीत लिहिली तर 'क्ष' कुठे आणि 'ज्ञ' कुठे, यावर दोन शहाणी माणसं वाद घालू शकतात. उच्चारावरून आडनावं एकत्र आणण्याची एक जुनी युक्ती आहे, साउंडेक्स नावाची. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ मध्ये तिचं पेटंट घेतलं. नावाचं पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, पुढच्या व्यंजनांना आकडे द्यायचे आणि सारख्या आवाजाच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा, अशी ती कल्पना. पण पहिलं अक्षर तसंच राहत असल्यामुळे 'व्ही'वाले वाघ आणि 'डब्ल्यू'वाले वाघ तिच्यातही वेगळेच पडतात. नेमकी आपली अडचण तिच्याने सुटत नाही.

लहान मुलांच्या दवाखान्यात आणखी एक गोष्ट. बाळ जन्मतं तेव्हा त्याला नाव नसतं. पहिल्या लसीच्या वेळी फाईलवर 'बेबी ऑफ सुनीता जाधव' असं लिहिलं जातं. कोणी ती 'ब'मध्ये लावतं, कोणी 'स'मध्ये, कोणी 'ज'मध्ये. सहाव्या आठवड्याच्या लसीला बाळ येतं तेव्हा त्याचं बारसं झालेलं असतं. आता फाईलवर आर्यन, आणि रॅकमध्ये मात्र ती अजून 'बेबी'च. आई नाव सांगते आर्यन जाधव आणि ती फाईल काही सापडत नाही. मग नवी फाईल करतात. पहिल्या लसीची नोंद जुन्या फाईलमध्येच राहते.

आता दुसरी रीत. प्रत्येक पेशंटला पहिल्या भेटीत एक नंबर द्यायचा, क्रमाने, एकापुढे एक. हा नंबर त्याचा कायमचा. लग्न होऊ दे, आडनाव बदलू दे, बाळाचं बारसं होऊ दे, नंबर तोच. रॅकमध्ये शंभर विभाग करायचे, ०० पासून ९९ पर्यंत. फाईल क्रमांक ३४५६ असेल तर ती कुठे जाईल? शेवटचे दोन आकडे ५६, म्हणून विभाग ५६. त्या विभागात ती उरलेल्या आकड्यांच्या क्रमाने लागते, म्हणजे ३४ च्या जागी. तिच्या डावीकडे ३३५६ आणि उजवीकडे ३५५६. पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं. नंबर आपण डावीकडून वाचतो आणि इथे शोध उजवीकडून सुरू होतो. पण हात दोन दिवसांत सरावतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

मोठ्या रुग्णालयात सहा आकडी नंबर असतो आणि त्याच्या तीन जोड्या करतात. १२-४८-५६ ही फाईल विभाग ५६ मध्ये, त्यातल्या ४८ च्या पोटविभागात, बाराव्या क्रमांकावर. तिच्या शेजारी १३-४८-५६. लाखो फायली असतात तिथे या मधल्या जोडीची गरज पडते. नऊ-दहा हजारांच्या दवाखान्याने तिच्या फंदात पडू नये. चार आकडी नंबर पुरतो, आणि दहा हजार ओलांडले की १०४५६ ही फाईलही त्याच ५६ च्या विभागात, १०४ च्या जागी, मुकाट्याने जाऊन बसते.

शेवटचे आकडेच का? सरळ क्रमाने एकपासून नऊ हजारपर्यंत का लावू नये? याचं उत्तर दवाखान्याच्या रोजच्या कामात आहे. दवाखान्यात वारंवार येणारे पेशंट बहुतेक नवे असतात: यंदाच्या गर्भवती, यंदाची बाळं. सरळ क्रमात त्यांच्या सगळ्या फायली शेवटच्या एका रॅकमध्ये येतात. दोघी जणी त्याच रॅकपुढे एकमेकींच्या कोपराला लागत उभ्या, आणि मागचे आठ रॅक नुसते धूळ खात. क्रमाने दिलेल्या नंबरांचे शेवटचे दोन आकडे मात्र चक्रासारखे फिरतात. ३४५६ नंतर ३४५७, मग ३४५८. लागोपाठ आलेले शंभर नवे पेशंट शंभर वेगवेगळ्या विभागांत जातात, प्रत्येकात बरोबर एक. म्हणून कुठल्याही दोन विभागांतल्या फायलींच्या संख्येत एकाहून जास्त फरक पडत नाही. आडनावांचे थवे होतात, शेवटच्या आकड्यांचे होत नाहीत.

आता तोच नऊ हजारांचा दवाखाना घ्या. शंभर विभाग म्हणजे प्रत्येकात नव्वद फायली. ४ मिलिमीटरने त्यांना ३६ सेंटिमीटर जागा लागते. तीन फुटी कप्प्यात असे दोन विभाग ऐसपैस बसतात आणि प्रत्येकात पाच-सात बोटं मोकळी राहतात. शोधणारीला विभाग सापडल्यावर दीड वितीच्या आत पाहायचं असतं. पाटीलांच्या आठ फुटांशी हे ताडून पाहा. शिवाय हे वाचन फक्त दोन आकड्यांचं आहे. चौतीस हे तेहेतीस आणि पस्तीस यांच्या मध्ये असतं, यावर कुणाचं दुमत होत नाही.

नव्या फायलीही सगळ्या विभागांत सारख्या वाढतात, त्यामुळे कुठला एक कप्पा ठासून भरला म्हणून अख्खा रॅक पुढे सरकवण्याची पाळी येत नाही. नावाच्या रीतीत दर दिवाळीला 'प' फुगतो आणि मग 'फ'पासून 'ज्ञ'पर्यंत सगळं उचलून ठेवावं लागतं.

मग ही रीत नेहमीच लवकर फाईल देते का? नाही. आणि हे लपवणारे लोक दवाखान्याचं नुकसान करतात असं माझं स्पष्ट मत आहे. पेशंटला स्वतःचं नाव पाठ असतं, नंबर पाठ नसतो. तो कार्ड घरी विसरून येतो. मग तुम्हाला नावावरून नंबर शोधावा लागतो, म्हणजे वर्णक्रमाने लावलेली एक सूची ठेवावीच लागते. पूर्वी ती पाच बाय तीन इंचांच्या कार्डांची असायची, लाकडी खणात. आता काउंटरवरच्या कॉम्प्युटरमध्ये साधी यादी असते. नंबराची रीत आणली म्हणून वर्णक्रम दवाखान्यातून जात नाही. तो रॅकमधून उठतो आणि सूचीत जाऊन बसतो. तिथे एकाच बाईची माहेरची आणि सासरची अशी दोन कार्डं एका नंबराकडे बोट दाखवू शकतात. कागदी फाईल एकाच जागी असू शकते, कार्डं कितीही करता येतात.

पण सूची पाहणं हा जादा वेळ आहे, आणि सगळा हिशेब त्यावर फिरतो. आकडे धरून पाहू. हे माझे धरलेले आकडे आहेत. तुमच्या दवाखान्यात घड्याळ लावून तुमचे काढा. समजा नंबर हातात असताना रॅकमधून फाईल काढायला २० सेकंद लागतात, आणि नंबर नसेल तर सूची पाहायला आणखी ३० सेकंद. लहान दवाखान्यात नावावरून फाईल काढायला सरासरी २५ सेकंद लागत असतील, तर नंबराची रीत तिच्या बरोबरीला यायला सहापैकी पाच पेशंटनी नंबर आणलेला असायला हवा. हे कठीण आहे. अशा दवाखान्याने नावावरच राहावं. मोठ्या दवाखान्यात, जिथे पाटील-जाधवांच्या आठ-आठ फुटांमुळे नावाची सरासरी ४५ सेकंदांवर गेली आहे, तिथे सहातल्या एकाने नंबर आणला तरी बरोबरी होते. त्यापुढचा प्रत्येक कार्ड आणणारा पेशंट म्हणजे निव्वळ फायदा.

म्हणून रीत बदलायच्या आधी मी डॉक्टरांना फायलींची संख्या विचारतेच, पण त्याहून आधी विचारते की तुमचे पेशंट कार्ड आणतात का. लसीकरणाचं कार्ड आया जपून ठेवतात, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, बाळाच्या दुपट्याबरोबर. त्याच कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात ठळक नंबर लिहिला की काम झालं. सर्दी-तापासाठी वर्षातून एकदा येणाऱ्या माणसाचं तसं नसतं. त्याच्यासाठी मोबाईल नंबर उपयोगी पडतो, पण सूचीत शोधण्यापुरताच. काही ठिकाणी मोबाईलचे शेवटचे आकडेच फाईलचा नंबर म्हणून वापरतात. ते करू नये. एका मोबाईलवर घरातली पाच माणसं असतात आणि मोबाईल बदलतो. पुन्हा तीच आडनाव बदलल्याची गोष्ट.

आतापर्यंत मी सापडणाऱ्या फायलीबद्दल बोलले. दवाखान्याचा खरा वेळ न सापडणारी फाईल खाते. साठ पेशंटांच्या फायली अर्ध्या-अर्ध्या मिनिटात निघाल्या आणि एकीला पंचवीस मिनिटं लागली, तर लोकांच्या लक्षात ती एकच राहते, आणि ते बरोबर आहे. कारण त्या पंचवीस मिनिटांत काउंटर बंद असतो.

फाईल हरवते ती बहुतेक वेळा काढताना नव्हे, परत ठेवताना. रात्री नऊला दिवसभराचा गठ्ठा टेबलावर असतो, शेवटची एसटी पकडायची असते. नावाच्या रीतीत साठ फायली आधी वर्णक्रमाने लावाव्या लागतात आणि तिथे आडनावाऐवजी पहिल्या नावाने एखादी 'स'मध्ये जाते. गेली की ती कुठेही असू शकते. शोधताना नवऱ्याच्या नावाने, माहेरच्या नावाने, पहिल्या नावाने, वेगळ्या स्पेलिंगने, असे पाच-सहा अंदाज करावे लागतात आणि प्रत्येक अंदाजामागे फूट-दोन फूट चाळावे लागतात.

नंबराच्या रीतीत गठ्ठा आधी दहा ढिगांत वाटायचा, शेवटच्या जोडीतल्या पहिल्या आकड्यावरून. पन्नाशीच्या ढिगात ५० ते ५९. मग तेवढाच ढीग क्रमाने लावायचा. दोघी असतील तर एकीने ०० ते ४९ घ्यायचे, दुसरीने ५० ते ९९. चूक कोणाच्या भागात झाली तेही मग आपोआप कळतं.

चूक दिसावी म्हणून फाईलच्या बाहेर येणाऱ्या कडेवर रंगीत पट्ट्या लावतात. ० ते ९ या दहा आकड्यांना दहा रंग. शेवटच्या दोन आकड्यांसाठी दोन पट्ट्या, वर-खाली. समजा ५ हिरवा आणि ६ जांभळा. मग ५६ चा सगळा विभाग दुरून पाहिला तरी वर हिरवा, खाली जांभळा, असा सलग पट्टा दिसतो. त्यात ६५ ची फाईल शिरली तर तिच्यावर वर जांभळा आणि खाली हिरवा असतो आणि पट्टा तिथे तुटतो. दाराशी उभं राहूनही ते दिसतं. रोज सकाळी झाडून झाल्यावर एकीने रॅकसमोरून एक चक्कर मारायची, एवढं पुरतं.

रंगाची मर्यादाही ओळखून असावं. रंग फक्त विभाग चुकलेला दाखवतो. ३४५६ ही ४३५६ च्या जागी लावली तर दोघींच्या पट्ट्या सारख्याच. ती चूक डोळ्यांना दिसत नाही, पण फाईल त्या नव्वदांतच असते आणि नव्वद फायली दोन मिनिटांत चाळून होतात. फाईल सापडत नसेल तर मी हा क्रम सांगते: आधी ती जागा आणि दोन्ही बाजूंच्या फायलींच्या पोटात, कारण पातळ फाईल जाड फाईलमध्ये घसरते, मग तो पूर्ण विभाग, मग आकडे उलटे करून, ५६ ऐवजी ६५, मग सारखे दिसणारे आकडे, आणि शेवटी डॉक्टरांचं टेबल. खरं तर तिथे शोधायची वेळ येऊच नये. फाईल बाहेर काढली की तिच्या जागी एक जाड पुठ्ठा उभा करायचा, त्यावर नंबर, तारीख आणि फाईल कोणाकडे गेली ते लिहायचं. पुठ्ठा असेल तर फाईल बाहेर आहे, नसेल तर हरवली आहे. या दोहोंतला फरक पाच सेकंदांत कळणं हेच फार मोठं काम आहे.

सारखे दिसणारे आकडे म्हटलं, त्यात आपली एक खास अडचण आहे. मराठी १ हा घाईत इंग्रजी 9 सारखा दिसतो आणि मराठी ४ इंग्रजी 8 सारखा. कार्डावर मराठीत आणि फाईलवर इंग्रजीत नंबर लिहिणाऱ्या दवाखान्यात फायली हरवणारच. लिपी कुठलीही ठरवा, पण एकच ठेवा, अगदी बिलाच्या पुस्तकातसुद्धा.

दुसरी अडचण कानाची. मराठीत आकडा बोलताना एकक आधी येतो. छप्पन्न म्हणताना आधी सहा, मग पन्नास. पासष्ट म्हणताना आधी पाच, मग साठ. ऐकता ऐकता लिहिणारा माणूस कानावर आधी पडलेला आकडा आधी लिहून मोकळा होतो आणि ५६ चे ६५ होतात. एकोणसाठ म्हणजे ५९ आणि एकोणसत्तर म्हणजे ६९. यांत गल्लत करणारी इंग्रजी शाळेत शिकलेली हुशार मुलगी मी काउंटरवर पाहिली आहे. तिला दोष देऊ नये. ही सगळी रीत शेवटच्या जोडीवर उभी आहे, आणि आपल्या भाषेत नेमकी जोडीच उलटी बोलली जाते. उपाय सोपा आहे: नंबर सुटा बोलायचा. "तीन, चार, पाच, सहा." हाक मारतानाही तसाच आणि फोनवरही तसाच. पेशंट 'चौतीस छप्पन्न' म्हणाला तर आपण "तीन, चार, पाच, सहा ना?" असं विचारून घ्यायचं.

आणखी एक सापळा नंबर देण्यात आहे. पुष्कळ दवाखान्यांत केसपेपरचा नंबर दर १ जानेवारीला पुन्हा एकपासून सुरू होतो. एका माणसाचे तीन वर्षांत तीन नंबर होतात, तीन केसपेपर होतात आणि तीनही वेगळ्या विभागांत जातात. अशा नंबरांवर टर्मिनल डिजिट लावणं म्हणजे पेशंटच विखरून टाकणं. नंबर माणसाचा हवा, भेटीचा नको.

नऊ हजार फायलींना एका रविवारी नंबर घालायला कोणी बसू नये. मी सांगते ती पद्धत अशी. एक तारीख ठरवायची. त्या दिवसापासून जो पेशंट येईल त्याची फाईल जुन्या वर्णक्रमाच्या रॅकमधून काढायची, तिला पुढचा नंबर द्यायचा, पट्ट्या चिकटवायच्या, सूचीत नोंद करायची, त्याच्या कार्डावर नंबर लिहायचा आणि रात्री ती नव्या रॅकमध्ये ठेवायची. जुन्या रॅकमध्ये ती परत जात नाही. रोज चाळीस-पन्नास फायली अशा सरकतात. मधल्या काळात नियम एकच: सूचीत नंबर असेल तर नवा रॅक, नसेल तर जुना. सूचीत न पाहता थेट जुन्या रॅकला हात घालायचा नाही, नाहीतर एकाच पेशंटच्या दोन फायली होतात.

वर्षभराने जुन्या रॅकमध्ये ज्या उरतील त्या न येणाऱ्यांच्या. त्या आपोआप निवडल्या गेलेल्या असतात. त्यांना नंबर देण्यात श्रम घालवू नयेत. पण फेकूही नयेत. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल झालेल्या रुग्णांची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवावी लागतात, आणि रुग्णाने किंवा त्याच्या वतीने अधिकृत माणसाने मागितली तर ७२ तासांत द्यावी लागतात. म्हणजे माळ्यावर टाकलेला गठ्ठाही शोधता येण्याजोगा असावा लागतो. आडनावाच्या अक्षराप्रमाणे दोरी बांधून, वर वर्ष लिहून त्या ठेवल्या तर पुरे. महिन्यातून एखादी लागणार असेल तर तिथे वर्णक्रमच उत्तम.

त्या तालुक्याच्या दवाखान्यातही हेच केलं. सुनीताबाईंची फाईल सुरुवातीच्या दिवसांतच नव्या रॅकमध्ये गेली. सूचीत तिची दोन कार्डं झाली, एक जाधव आणि एक मोरे, दोन्हींवर एकच नंबर. पुढे बाळ झालं तेव्हा त्याला दुसऱ्या दिवशी वेगळा नंबर दिला, नावाच्या जागी 'सुनीता जाधव यांचं बाळ' लिहून. बारशानंतर ती ओळ खोडून वर नाव लिहिलं. फाईल होती तिथेच राहिली.